अठरा मुली, तीन मोठी माणसं आणि सामानाचे सतरा डाग

रेल्वेने संघ नेणं क्रीडाशिक्षकांच्या अंगवळणी पडलेलं असतं. एका तिकिटावरच्या सहा जणांपैकी एकाचं ओळखपत्र टीसीला पुरतं, गोलकीपरची अवाढव्य बॅग बर्थखाली सरकते, आणि कुणी पाणी भरायला उतरलंच तर शिट्टी वाजेपर्यंत धावत येतं. विमानतळावर यातलं काहीच चालत नाही. तिथे संघ नावाची गोष्टच अस्तित्वात नसते. दारावरचा सीआयएसएफचा जवान प्रत्येकाचं तिकीट पाहतो, ओळखपत्र पाहतो, मग चेहरा पाहतो. पुढची व्यक्ती त्याच्या लेखी नवा प्रवासी असते. ‘आम्ही सगळे एकत्र आहोत’ असं सरांनी सांगून काही फरक पडत नाही.

एकवीस जणांना नेताना खरी मेहनत इथेच आहे. सुटे एकवीस प्रवासी कुठे एकगठ्ठा पुढे न्यायचे आणि कुठे मुद्दाम तुकड्यांत मोडायचे, हे घरून ठरवून निघावं लागतं.

एक उदाहरण धरून चालू. दिल्लीत शालेय संघांसाठी नेहरू हॉकी स्पर्धा भरते. समजा, तशाच एका स्पर्धेसाठी कोल्हापूर भागातल्या शाळेचा मुलींचा संघ पुण्याहून दिल्लीला निघाला आहे. अठरा खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक म्हणून आलेले एक शिक्षक आणि एक शिक्षिका. विमान दुपारी २ वाजून १० मिनिटांचं.

पहिला प्रश्न तिकिटांचा. संकेतस्थळावरून नेहमीसारखं बुकिंग करायला गेलं की एका पीएनआरवर जास्तीत जास्त नऊ नावं बसतात. म्हणजे एकवीस जणांचे तीन पीएनआर होणार, आणि कंपनीच्या संगणकाला ती एकमेकांशी संबंध नसलेली तीन टोळकी दिसणार. विमान रद्द झालं आणि पर्यायी विमानात जागा द्यायची वेळ आली, तर एक टोळकं संध्याकाळी आणि दुसरं उद्या सकाळी, असंही होऊ शकतं. शिवाय स्वस्त दराच्या जागा मोजक्याच असतात. एकाच वेळी नऊ जागा मागितल्या आणि त्या दराच्या चारच शिल्लक असल्या, तर सगळ्या नऊ जागांना वरचा दर लागतो.

दहा किंवा अधिक प्रवासी असले की आपल्याकडच्या कंपन्या समूह बुकिंग देतात. त्यासाठी वेगळा विभाग असतो. जागांची संख्या कळवायची, दर मागवायचा, काही रक्कम आगाऊ भरायची, आणि नावं नंतर ठरलेल्या मुदतीत द्यायची. शाळेच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट ही शेवटची. शिबिरात तीस मुली असतात, अंतिम अठरा जणींची निवड निघायच्या पंधरवडाभर आधी होते, आणि त्यातही कुणाचा घोटा मुरगळतो. सुट्या तिकिटावरचं नाव बदलता येत नाही. समूह बुकिंगात मुदत संपेपर्यंत यादी हातात राहते. मात्र समूहाचा दर नेहमी स्वस्तच पडतो या भ्रमात राहू नये. कधी कधी तो संकेतस्थळावरच्या दरापेक्षा चढा असतो. तो देऊन आपण सवलत विकत घेत नाही, नावं नंतर देण्याची सोय आणि एकच पीएनआर विकत घेतो.

आता यादी. इथे महाराष्ट्रातल्या शाळांची एक हमखास चूक होते. शाळेच्या हजेरीत आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आधार कार्डावर बहुतेकदा मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. विमान कंपनीच्या तक्त्यात मात्र दोनच रकाने, नाव आणि आडनाव. लिपिकाने हजेरीवरून यादी उतरवली की ‘पाटील’ हे मुलीचं नाव होतं आणि वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. दारावरच्या जवानाने समजून घेतलं तर ठीक, नाहीतर तिथेच खोळंबा. त्यामुळे यादी हजेरीवरून करूच नये. आधार कार्ड समोर ठेवून, इंग्रजी स्पेलिंगसह, अक्षर न् अक्षर उतरवावी आणि दुसऱ्या माणसाने ती मोठ्याने वाचून ताडावी. कोल्हापुरात एका संघात तीन पाटील असणं विशेष नाही. त्यातल्या दोघींची पहिली नावंही सारखी असली तर वडिलांचं नाव घालून त्या वेगळ्या कराव्यात, नाहीतर बोर्डिंग पास वाटताना अदलाबदल ठरलेलीच.

नावाआधीच्या उपाधीचा आणि वयाचा रकानाही वरवरचा नाही. विमानात प्रवाशांना वजनकाट्यावर उभं करत नाहीत. मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी दुसरं असं सरासरी वजन धरून विमानाचा भारतक्ता तयार होतो, आणि उड्डाणाचा वेग व इंजिनाचा जोर त्यावरून ठरतो. जुलै २०२० मध्ये बर्मिंगहॅमहून माजोर्काला निघालेल्या टुई कंपनीच्या बोइंग ७३७ मध्ये ३८ महिलांना संगणकाने मुलं समजून ३५-३५ किलोंचं धरलं, कारण त्यांच्या नावाआधी ‘मिस’ होतं आणि ती प्रणाली जिथे तयार झाली तिथे ‘मिस’ म्हणजे लहान मुलगी असा अर्थ घेतला जाई. विमान तक्त्यातल्या आकड्यापेक्षा १,२४४ किलो जड निघालं. ते सुखरूप उतरलं, पण ब्रिटनच्या अपघात तपास विभागाने त्याची गंभीर घटना म्हणून नोंद केली. अमेरिकेच्या विमान प्रशासनाच्या मार्गदर्शनात तर क्रीडासंघांचा वेगळा उल्लेख आहे. धिप्पाड खेळाडूंच्या संघाला सर्वसाधारण सरासरी लावू नये असं ते सांगतं. आपल्याकडे बारा वर्षं पूर्ण झालेली मुलगी तिकिटाच्या हिशेबात मोठी धरली जाते. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलींचा संघ असेल, तर कोण या रेषेच्या अलीकडे आणि कोण पलीकडे हे प्रवासाच्या तारखेला मोजून लिहावं.

कागदपत्रांचं सांगायचं तर विमानतळावर लागणारे कागद आणि स्पर्धेत लागणारे कागद या दोन वेगळ्या थैल्या आहेत. विमानतळासाठी प्रत्येकीचं मूळ आधार कार्ड पुरतं. पालकांसोबत जाणाऱ्या लहान मुलांना वेगळ्या ओळखपत्राची सक्ती नसते, पण शिक्षक म्हणजे पालक असा अर्थ दारावरचा जवान लावेलच याची खात्री नाही, म्हणून त्या सवलतीवर विसंबू नये. कार्ड घरी राहिलं तर फोनवरच्या एमआधार किंवा डिजिलॉकरमधलं चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर बाबांनी पाठवलेला फोटो चालेल असं धरून निघू नये. स्पर्धेची फाईल वेगळी. तिच्यात जन्मदाखले, बोनाफाईड, प्रवेशिका आणि पालकांची संमतिपत्रं असतात. ही फाईल व्यवस्थापकाच्या हातातल्या पिशवीतच राहिली पाहिजे. बॅगा दुसऱ्या दिवशी मिळाल्या तर उसन्या स्टिक घेऊन खेळता येतं. वयाचा पुरावा नसेल तर मैदानातच उतरता येत नाही.

सामानाचं गणित मात्र बसून सोडवण्यासारखं आहे. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर साधारणपणे माणशी १५ किलो सामान पोटात आणि ७ किलो हातात. एकवीस जणांचे झाले ३१५ किलो. हे ऐकून सर निश्चिंत होतात, आणि इथेच फसतात. कारण बऱ्याच तिकिटांवर १५ किलोंबरोबर ‘एकच डाग’ अशीही अट असते. वजन उरलं तरी डाग वाढले की पैसे भरावे लागतात.

आपल्या संघाचं सामान मांडून पाहू. प्रत्येकीची एक बॅग धरली तर एकवीस डाग तिथेच संपले. त्यावर दोन गोलकीपरच्या दोन बॅगा, स्टिकच्या दोन लांब बॅगा आणि चेंडू, कोन व प्रथमोपचाराची एक. डाग झाले सव्वीस, म्हणजे पाच जास्त. आता मुलींच्या जोड्या लावल्या आणि दोघींत एक मोठी बॅग दिली, की अठरांच्या नऊ बॅगा होतात. मोठ्यांच्या तीन आणि संघाच्या पाच मिळून डाग सतरा. वजनाचं पाहिलं तर मुलीमागे १० किलो धरून १८०, मोठ्यांचे ३६, गोलकीपरचं साहित्य प्रत्येकी १५ म्हणजे ३०. छत्तीस स्टिक बॅगांसकट २२ किलोंच्या घरात, चेंडूंची बॅग १०. एकूण २७८. जवळपास ३७ किलो हातात शिल्लक.

या हिशेबाला दोन अटी आहेत. कुठलाही एक डाग ३२ किलोंपेक्षा जड असता कामा नये, कारण तो शेवटी कुणीतरी हातांनी उचलणार असतो. आणि वजन एकत्र धरायला सगळे एकाच पीएनआरवर व एकाच वेळी काउंटरवर हवेत. काही कंपन्या क्रीडासाहित्याला वेगळा नियम लावतात. म्हणून वजन एकत्र धरणार का आणि गोलकीपरच्या बॅगेला जादा आकार पडणार का, हे दोन प्रश्न बुकिंग करतानाच विचारून उत्तर ईमेलवर लेखी घ्यावं. काउंटरवरच्या मुलीला तो ईमेल दाखवता येतो. फोनवर मिळालेलं आश्वासन दाखवता येत नाही.

स्टिकबद्दल मुली हमखास हट्ट करतात. प्रत्येकीला आपली स्टिक जवळ हवी असते. पण हॉकी स्टिक, क्रिकेटची बॅट, बेसबॉलची बॅट या वस्तू केबिनमध्ये नेता येत नाहीत. चेंडूत हवा भरायच्या पंपाची सुईही पोटातल्या बॅगेतच टाकावी. पॉवर बँकचं बरोबर उलटं, ती हातातच हवी. पोटातल्या बॅगेत लिथियमची बॅटरी पेटली तर तिथे कुणी पोचू शकत नाही, म्हणून क्ष-किरण तपासणीत ती दिसली की बॅग बाजूला काढतात आणि प्रवाशाला नाव पुकारून बोलावतात. दोघींच्या सामायिक बॅगेत हे झालं तर बॅग एकीच्या नावावर आणि पॉवर बँक दुसरीची, असा गोंधळ होतो. बॅगा बंद करण्याआधी शिक्षिकेने प्रत्येक जोडीकडून हे एकदा तपासून घेतलेलं बरं.

आपल्याकडची खास अडचण खाऊच्या डब्यात असते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पोटातल्या सामानात चालत नाहीत. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, कोंदट जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून त्याची गणना धोकादायक मालात होते. ओल्या नारळाचीही केबिनमध्ये अडवणूक होते. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी २०२४ च्या हंगामात ती मुदतीपुरती शिथिल करावी लागली होती. तेव्हा आजीने बांधून दिलेल्या पुडीत काय आहे ते निघताना पाहावं. शेंगदाण्याचे लाडू खुशाल न्यावेत.

प्रवासाच्या दिवशीचं वेळापत्रक उलट्या दिशेने मांडतात. विमान २.१०. गेट साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी मिटतं, म्हणजे पावणेदोनला सगळ्या आत हव्यात. काउंटर तासभर आधी, १.१० ला बंद. एकवीस जणांचं आणि सतरा डागांचं काम कधी कधी पाऊण तास खातं, त्यामुळे टर्मिनलच्या दारात सव्वाअकराला पोचायचं. कोल्हापूर ते लोहगाव, वाटेत नाश्ता आणि पुण्याची वाहतूक धरून पहाटे पाचच्या आसपास बस हलायला हवी.

बसमधून उतरताना पहिली गणती, आणि तीही डोकी मोजून नव्हे. हलत्या मुलींची डोकी मोजणारा माणूस एकदा वीस म्हणतो, एकदा बावीस. स्वतःला धरलं की नाही हे तिसऱ्यांदा मोजताना आठवतं. त्यापेक्षा प्रत्येकीला प्रवासापुरता कायमचा क्रमांक द्यावा आणि एकपासून अठरापर्यंत मुलींनीच आपापला आकडा ओरडून सांगावा. अकरानंतर शांतता पसरली की बारा नंबर कुठेय हे लगेच कळतं. डोकी मोजून एक कमी आहे एवढंच कळतं, कोण ते कळत नाही. मोठी माणसं या गणतीत धरायची नाहीत. सहा-सहा मुलींचे तीन गट करून प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस ठेवलं, की सरांना प्रत्येक वेळी अठरा जणींवर डोळे ठेवावे लागत नाहीत.

काउंटरवर सगळ्यांनी गर्दी करू नये. मुली गटागटाने बाजूला बसतात, व्यवस्थापक यादी आणि ओळखपत्रांचा गठ्ठा घेऊन पुढे जातात आणि बोलावलं तर सगळ्या उठून येतात. वेब चेक-इन आदल्या दिवशी करून पास छापून आणले असतील तर तिथे फक्त सामान सोपवायचं उरतं. त्यात आणखी एक फायदा म्हणजे जागा आधी ठरतात. आपत्कालीन दाराच्या रांगेत लहान वयाच्या मुलींना बसवत नाहीत, आणि ऐनवेळी जागा बदलल्या की संघ विमानभर विखुरतो.

सामानाच्या चिठ्ठ्या कुणाच्या नावाने निघतात, याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. घाईत काउंटरवर सतराच्या सतरा डाग एकाच माणसाच्या, बहुधा व्यवस्थापकांच्या, नावे चढवले जातात. आता कल्पना करा की गेटवर एक मुलगी कमी आहे. ती स्वच्छतागृहात चक्कर येऊन बसली आहे, आणि व्यवस्थापक ‘मी थांबतो, तुम्ही निघा’ म्हणतात. पण प्रवासी विमानात नसेल तर त्याच्या नावाचं सामानही विमानात राहू द्यायचं नाही, असा कडक दंडक आहे. त्यामागे मोठी किंमत मोजलेली आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं कनिष्क आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने कोसळलं आणि ३२९ जण गेले. बॉम्बची बॅग व्हँकूव्हरला सोपवणारा माणूस स्वतः विमानात बसलाच नव्हता. तेव्हा व्यवस्थापक मागे राहिले की अख्ख्या संघाचं सामान पोटातून शोधून उतरवावं लागेल, विमानाला उशीर होईल, आणि बाकी एकोणीस जण दिल्लीत स्टिकविना उतरतील.

यावर उपाय सोपा आहे, फक्त आधी ठरवावा लागतो. डाग वेगवेगळ्या नावांवर विभागून चढवायला सांगायचं, सामायिक बॅग त्या जोडीतल्या एकीच्या नावावर, आणि गरज पडल्यास मागे कोण थांबणार ते मोठं माणूस घरूनच नेमायचं. मुलींच्या संघात ती शिक्षिकाच असणार. तिच्या नावावर तिच्या एका बॅगेपलीकडे काहीच नको. चिठ्ठ्यांचे तुकडे व्यवस्थापकांनी एका पाकिटात, डागाचं नाव मागे लिहून ठेवावेत.

सुरक्षा तपासणीला संघ मुद्दाम मोडायचा असतो. पुरुष आणि महिलांच्या रांगा वेगळ्या, आणि महिलांची झडती पडद्याआड होत असल्याने तिथे वेळ जास्त लागतो. शिक्षिका सर्वांत आधी पलीकडे जाते, कारण बाहेर पडणाऱ्या मुलींना ट्रेजवळ थांबवून ठेवणारं कुणी हवं. प्रशिक्षक सर्वांत शेवटी, कारण कुणाची बॅग पुन्हा तपासायला ठेवली तर मागे माणूस हवा. फोन, पास, घड्याळ ट्रेमध्ये विसरण्याची जागा हीच, म्हणून पलीकडची गणती आकड्यांबरोबर ‘पास दाखव’ म्हणून करायची. आणि एक ताकीद बसमध्येच द्यावी, की बॅगेत बॉम्ब आहे, चाकू आहे असली थट्टा इथे कुणी करायची नाही. एकीच्या विनोदापायी साऱ्या संघाची चौकशी होऊन विमान सुटू शकतं.

त्यानंतरची गणती गेटवर, आणि तीही प्रवेश सुरू होण्याआधी. विमानात मोजत बसायला अरुंद वाटेत जागा नसते. शिवाय तिथे हवाई सुंदरी स्वतःची मोजणी करत असते आणि जागा बदलून बसलेल्या मुलींमुळे तिचा तक्ता चुकतो. मैत्रिणीशेजारी बसायचं असेल तर चाकं वर गेल्यावर, विचारून.

दिल्लीला पट्ट्याभोवती अठरा मुली उभ्या राहिल्या तर इतरांना आपलं सामान दिसत नाही. चौघी उचलायला पुढे, बाकीच्या भिंतीशी. प्रत्येक डागाला एकाच रंगाची फीत बांधलेली असली की सतरा मोजणं सोपं जातं. स्टिकच्या लांब बॅगा आणि गोलकीपरचं साहित्य कधी कधी नेहमीच्या पट्ट्यावर येतच नाही, ते जादा आकाराच्या सामानाच्या दारातून निघतं. ते हरवलं असं समजून ओरड करण्याआधी तिकडे पाहून यावं. डाग खरंच आला नसेल तर दालनाबाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर तक्रारपत्र भरून त्याचा क्रमांक घ्यावा. त्याला तिथे पीआयआर म्हणतात. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत यायला विनवण्या कराव्या लागतात. त्यामुळे एकवीस माणसं आणि सतरा डाग हे दोन्ही आकडे जुळल्याशिवाय दाराकडे वळायचं नाही. न्यायला येणाऱ्या बसवाल्याला टर्मिनल कोणतं ते आधी सांगितलेलं हवं, कारण दिल्लीत ती एकाहून अधिक आहेत आणि सगळी एकमेकांना लागून नाहीत.

परतीच्या वेळी हे सगळं गणित पुन्हा करावं लागतं. हॉकी आता पाणी मारलेल्या कृत्रिम मैदानावर खेळतात, आणि गोलकीपरची पायावरची पॅड आठवडाभर ते पाणी पीत असतात. जाताना १५ किलोंची असलेली बॅग येताना १८ भरू शकते. जर्सी ओल्या, स्पर्धेत मिळालेले किट नवे, करोलबागची खरेदी वेगळी. शाळेने दोन-तीनशे रुपयांचा लटकवायचा वजनकाटा विकत घेतलेला असला तर तो मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री बाहेर काढावा आणि पॅड त्याआधी दिवसभर उन्हात टाकावीत. चषक मिळाला तर तो टोकदार आहे का ते पाहून, तसा असेल तर टॉवेलात गुंडाळून गोलकीपरच्या हेल्मेटमध्ये बसवतात. त्याला वेगळा डाग लागत नाही.